ओल्या बनियनची पारख

तंजावूरच्या राजवाड्याभोवती राहणाऱ्या माणसाच्या अंगावरचं बनियन वर्षातले कितीतरी महिने दिवसभर कोरडं राहत नाही. एप्रिल-मेमध्ये घामानं, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसानं आणि मधल्या काळात कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेनं ते थोडं तरी ओलं असतंच. शिवाय ते रोज धुतलं जातं, आणि अजूनही अनेक घरांच्या मागच्या अंगणात दगडावर आपटून, पिळूनच धुतलं जातं. म्हणून इथल्या माणसानं टी-शर्टचं किंवा आतल्या कपड्याचं कापड निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो असा: हे ओलं झाल्यावर काय होतं? दुकानातल्या थंड हवेत, कोरड्या हातानं, घडी घातलेल्या कापडावरून बोट फिरवून जो निर्णय होतो तो बहुतेक वेळा चुकतो, कारण त्या क्षणी आपण कापडाची परीक्षा ज्या अवस्थेत घेतो, त्या अवस्थेत ते पुढे फारसं नसणारच असतं.

सध्या तीन नावं समोर ठेवली जातात. सुती तर आपलं जुनंच. मोडल हे त्याहून मऊ म्हणून थोडं महाग विकलं जातं. आणि बांबू नैसर्गिक, जंतुनाशक, पर्यावरणाला सोयीचं म्हणून विकलं जातं. तिन्हींची तुलना करताना आधी एक गोष्ट स्वच्छ व्हायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही. कापूस हा झाडावर तंतू म्हणूनच तयार होतो. बोंडातून काढा, सरकी वेगळी करा, पिंजा, कातून घ्या, झालं सूत. बांबूच्या काठीत किंवा मोडलसाठी वापरल्या जाणाऱ्या बीच झाडाच्या खोडात असा कातण्याजोगा मऊ तंतू तयार नसतो. असतं ते सेल्युलोज. ते लाकडातून सोडवून, विरघळवून, पुन्हा तंतूच्या रूपात घट्ट करावं लागतं.

ही प्रक्रिया विस्कोजची. बांबूचा किंवा लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, काही काळ मुरू देतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात. त्यातून जो पदार्थ होतो तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट नारिंगी द्रव मिळतो. तो बारीक छिद्रांच्या चकतीतून, सोऱ्यातून शेव पाडावी तसा, गंधकाम्लाच्या टाकीत सोडतात. आम्लाचा स्पर्श होताच सेल्युलोज पुन्हा घट्ट होऊन तंतू बनतो. बाजारात बांबू म्हणून मिळणारं मऊ कापड जवळजवळ सगळं असं तयार झालेलं विस्कोज आहे. बांबूचा खराखुरा यांत्रिक पद्धतीनं काढलेला तंतूही असतो, पण तो तागासारखा राठ असतो. त्याचं बनियन कुणी अंगात घालणार नाही.

मोडलही याच घराण्यातलं आहे, पण तिथे दोन गोष्टी बदलतात. सेल्युलोजच्या रेणूंच्या साखळ्या लगद्यात असताना लांब असतात. साध्या विस्कोजमध्ये त्या बऱ्याच तुटू दिल्या जातात. मोडलमध्ये जास्त लांब ठेवल्या जातात. आणि आम्लाच्या टाकीत तंतू लगेच कडक होऊ न देता हळूहळू घट्ट केला जातो, म्हणजे तो ओला असतानाच भरपूर ताणता येतो आणि साखळ्या एका दिशेनं ओळीत बसतात. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पुढे आलं आणि ऑस्ट्रियातल्या लेंझिंग कंपनीनं १९६० च्या दशकापासून ते मोठ्या प्रमाणावर चालवलं. आज भारतातही मोडल तयार होतं. त्या तंत्रामागचा हेतूच मुळी विस्कोजचा जुना दोष कमी करण्याचा होता, आणि तो दोष ओलेपणाचा होता.

हा दोष आकड्यांत पाहिला की लगेच पटतो. तंतूची ताकद मोजण्याचं एकक सेंटीन्यूटन प्रति टेक्स. त्याचा अर्थ इतकाच की सारख्या जाडीच्या तंतूला तोडायला किती ओढ लागते. साधं विस्कोज कोरडं असताना साधारण २२ ते २४, ओलं झालं की जवळजवळ निम्मं, म्हणजे ११-१२. मोडल कोरडं ३४-३५, ओलं झाल्यावर २० च्या आसपास. कापूस कोरडा साधारण २५, आणि ओला झाला की कमी न होता दहा-वीस टक्क्यांनी वाढून २८-३० वर जातो. कापसाच्या तंतूतल्या साखळ्या खूप लांब असतात आणि मळसूत्रासारख्या वळलेल्या थरांत रचलेल्या असतात. पाणी आत शिरलं की हे थर थोडे सरकून बसतात आणि ओढ सगळ्यांवर सारखी वाटली जाते. विस्कोजमध्ये साखळ्या आखूड आणि विस्कळीत, त्यामुळे पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून सोडवतं. म्हणून दुकानात कोरडं चाचपताना बांबूचं आणि सुती कापड जवळपास सारखंच भक्कम वाटतं, मोडल तर सुतीहूनही भक्कम ठरतं. धुण्याच्या दगडावर मात्र क्रम उलटतो: सुती पुढे, मोडल मधे, आणि बांबू सुतीच्या निम्म्यावरही नाही.

हे स्वतः तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कपड्याच्या आतल्या शिवणीजवळ कापलेल्या कडेतून एक सूत उसवून घ्यावं. कापडात इलॅस्टिकचा धागा असेल तर तो रबरासारखा ताणला जातो, तो बाजूला टाकावा. उरलेलं सूत दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मधला सेंटिमीटरभर भाग ओल्या बोटानं भिजवावा आणि सावकाश ओढावं. विस्कोजचं सूत भिजलेल्या जागीच, अगदी सहज तुटतं. सुती सूत बहुधा कोरड्या जागी तुटतं, कारण भिजलेला भाग त्याहून भक्कम झालेला असतो. मोडलही ओल्या जागी तुटतं, पण त्याला जरा जास्त जोर लागतो, आणि हा फरक हाताला कळायला विस्कोजचा एक धागा शेजारी ठेवून पाहावा लागतो. जाळून पाहण्याची पद्धत इथे कामाची नाही. तिन्ही सेल्युलोजच आहेत, तिन्हींना कागद जळल्याचाच वास येतो आणि तिन्हींची राख मऊ, करडी असते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलंय का, एवढंच त्यातून कळतं.

ताकदीइतकीच महत्त्वाची, आणि तंजावूरसाठी मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे कापड किती पाणी धरून ठेवतं. चांगलं पिळून किंवा यंत्रात फिरवून घेतल्यावरही तंतूच्या आत जे पाणी उरतं ते सुतीत कोरड्या वजनाच्या साधारण ५० टक्के, मोडलमध्ये ६० च्या पुढे आणि साध्या विस्कोजमध्ये ९० च्या घरात असतं. बनियनचं कोरडं वजन १०० ग्रॅम धरलं, तर दोरीवर टाकताना सुती बनियनमध्ये ५० ग्रॅम पाणी असतं, मोडलमध्ये साठ-पासष्ट ग्रॅम आणि बांबूत ९० ग्रॅम. उन्हाळ्यात तंजावूरच्या गच्चीवर हा फरक जाणवतही नाही, सगळंच तासा-दोन तासांत वाळतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेव्हा कपडे पडवीत किंवा खोलीतल्या दोरीवर वाळतात, तेव्हा बांबूचं बनियन दुसऱ्या दिवशीही शिवणीपाशी ओलसर राहतं. त्या ओलीत कुबट वास धरतो आणि पुढे बुरशीचे काळे ठिपके पडतात. सेल्युलोज हे बुरशीचं अन्नच आहे; ते बांबूतून आलं म्हणून बुरशी त्याला सोडत नाही.

इथे जंतुनाशकतेच्या दाव्याचं पाहायला हवं. बांबूच्या जिवंत काठीत काही संरक्षक द्रव्यं असतात, त्यावरून कापडातही ती उतरली असं सांगितलं जातं. पण लगदा, कॉस्टिक, कार्बन डायसल्फाइड आणि गंधकाम्ल या सगळ्यातून जे उरतं ते सेल्युलोज आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं हा दावा आणि कापडाला नुसतं बांबू म्हणणं, दोन्ही दिशाभूल करणारं ठरवलं. २००९ पासून तिथे कंपन्यांवर कारवाई सुरू झाली, २०१० मध्ये ७८ विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रं गेली, आणि २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या साखळ्यांवर मिळून ५५ लाख डॉलरचा दंड ठरला. लेबलवर बांबूपासून बनवलेलं रेयॉन किंवा विस्कोज असं लिहावं, एवढीच त्या संस्थेची मागणी होती. ती रास्त आहे. घालणाऱ्याला कपडा कसा धुवायचा हे कळायचं असेल तर त्याला तो विस्कोज आहे हे कळलंच पाहिजे.

आता मऊपणाकडे येतो, कारण बांबू आणि मोडलची बाजू तिथे खरोखर बळकट आहे आणि ती मान्य न करणं अप्रामाणिक ठरेल. टाकीत ओढलेला तंतू हवा तितका बारीक आणि लांबीला एकसारखा करता येतो. कापसाचा तंतू वाळताना चपटा होऊन पिळला जातो, त्याच्या लांबीत फरक असतो, आणि आखूड तंतूंची टोकं सुताबाहेर निघून त्वचेला बोचतात. घामोळ्यांनी चिडलेल्या अंगाला, म्हातारपणी पातळ झालेल्या कातडीला हा फरक चांगलाच कळतो. शिवाय दमट हवेतून मोडल आणि विस्कोज सुतीपेक्षा दीडपट वाफ शोषतात. त्यामुळे अंगाला घाम येऊ लागला तरी कापड ओलं वाटायला थोडा जास्त वेळ लागतो आणि स्पर्श थंड राहतो. दुपारी थोडा वेळ बसल्या जागी घालायला हे सुखाचं आहे. पण तोच कपडा घामानं एकदा पूर्ण भिजला, की जास्त धरलेलं पाणी तो सहज सोडत नाही, आणि सायकल चालवून किंवा बाजारातून ओझं घेऊन आलेल्या माणसाच्या पाठीला तो जड होऊन चिकटतो.

सुतीचा राठपणा हा कापसाचा अटळ गुण आहे असं मात्र समजू नये. तो कोणत्या कापसाचं, कसं काढलेलं सूत आहे यावर ठरतो. सूतगिरणीत विंचरून आखूड तंतू काढून टाकले की कोंब्ड सूत मिळतं. त्यात कापसाचा पंधरा टक्क्यांच्या आसपास भाग बाजूला जातो, म्हणून ते महाग असतं. आणि तमिळनाडूतच पिकणारा सुविन कापूस आहे. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट सी आयलंड या दोन जातींच्या संकरातून कोइम्बतूरच्या संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि १९७४ मध्ये प्रसारित झाला. त्याचा तंतू साध्या कापसाहून दहा मिलिमीटरभर लांब आणि बराच बारीक असतो. त्याच्या सुताचं बनियन मोडलच्या फार जवळ जातं आणि ओलं झाल्यावर सुतीचं बळ राखतं. पीक मात्र थोडं, आणि त्यातलं बरंचसं बाहेर जातं. म्हणून नुसतं १०० टक्के कॉटन हे शब्द वाचून मऊपणाबद्दल काहीच ठरत नाही. दुकानात मऊ लागणारं साधं सुती पुष्कळदा सिलिकॉनच्या लेपामुळे मऊ लागतं. पाच-सहा धुण्यांत तो लेप जातो, आणि मग कापड खरं कसं आहे ते समजतं. उलट एन्झाइमनं बायोवॉश केलेल्या कापडावरची लव कायमची गेलेली असते, तो मऊपणा टिकतो, पण त्यात कापडाचं थोडं वजन आणि बळही गेलेलं असतं.

आकाराच्या बाबतीत सुती आणि बांबूचे दोष एकमेकांविरुद्ध आहेत. सुती होजियरी पहिल्या काही धुण्यांत आखडते, विशेषतः लांबीला. नीट कॉम्पॅक्ट न केलेल्या कापडाचा टी-शर्ट पोटापर्यंत येतो आणि बाजूची शिवण फिरून पुढे येते. बांबूचं विस्कोज ओलं असताना स्वतःच्याच वजनानं ताणलं जातं. खांद्यांवर चिमटे लावून दोरीवर टांगलं, तर गळा आणि खालची कड लोंबते आणि काही महिन्यांत कपडा झग्यासारखा होतो. इलॅस्टिक मिसळून हे थोडं आवरता येतं. मोडल इथे सगळ्यांत समजूतदार निघतं: ते ओल्या अवस्थेत फारसं ताणलं जात नाही आणि वाळल्यावर फारसं आखडतही नाही.

बांबूची शेवटची बाजू पर्यावरणाची आहे आणि ती तंजावूरमध्ये मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण ती नदीतून इथे पोचते. बांबू कीटकनाशकांशिवाय वाढतो हे खरंच आहे. पण शेतात किंवा रानात जे वाचतं ते कारखान्यात खर्चावं लागतं. याचा अनुभव दक्षिण भारतानं बांबू टी-शर्टचं नाव निघण्याच्या कितीतरी आधी घेतला आहे. केरळात कोळिकोडजवळ मावूरला ग्वाल्हेर रेयॉन्सचा लगद्याचा कारखाना १९६३ मध्ये सुरू झाला. तो रानातला बांबू आणि पुढे निलगिरी वापरून रेयॉनसाठी लगदा करायचा. सरकारशी झालेल्या करारात बांबू टनाला एक रुपया अशा कवडीमोल दरानं ठरला होता. चालियार नदीच्या पाण्यावरून लोकांनी दीर्घकाळ आंदोलन केलं आणि २००१ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. कोइम्बतूर जिल्ह्यात शिरुमुगैला साउथ इंडिया विस्कोजचा कारखाना भवानी नदीवर होता. त्याच्याही सांडपाण्याविरुद्ध १९९० च्या दशकात लोक उभे राहिले आणि तोही बंद पडला. भवानी पुढे कावेरीला मिळते, आणि कावेरीचं पाणी कल्लणैच्या बंधाऱ्यातून निघून, कालव्यानं तंजावूर शहरातूनच वाहत जातं.

पण याच नदीच्या साक्षीनं सुतीलाही निर्दोष ठरवता येत नाही. आपल्याकडची बहुतेक बनियनं आणि टी-शर्ट तिरुप्पूरला तयार होतात. तिथल्या रंगाई कारखान्यांचं खारं, रंगीत पाणी नोय्यल नदीत गेलं, ओरत्तुपाळयमच्या धरणात साठलं आणि खालची शेती नासली. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं नियम न पाळणारे शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. नोय्यलही करूर जिल्ह्यात कावेरीलाच मिळते. तेव्हा पर्यावरणाच्या नावावर बांबू विरुद्ध कापूस असा निकाल लावणं मला पटत नाही. कार्बन डायसल्फाइड कामगाराच्या मज्जातंतूंना अपाय करतं, आणि ते मोडललाही लागतं. कारखाना ते परत पकडून वापरतो की हवेत सोडतो, रंगाईचं पाणी शुद्ध करतो की नदीत सोडतो, यावर सगळं अवलंबून आहे, आणि झाडाच्या नावातून ते कळत नाही. निवड करणाऱ्याच्या हातात जे उरतं ते म्हणजे कपडा किती वर्षं चालतो. दोन वर्षं चालणाऱ्या बनियनच्या जागी वर्षात दोन घ्यावी लागली, तर लगदा, रंग आणि पाणी सगळंच चौपट होतं.

म्हणून रोज धुतल्या जाणाऱ्या आतल्या कपड्यांसाठी, विशेषतः पुरुषांच्या बनियन आणि चड्ड्यांसाठी, या हवेत माझं मत कोंब्ड सुतीला आहे: रिब विणीचं, थोडं इलॅस्टिक असलेलं, चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं. त्याला दगड, गरम पाणी, कडक ऊन, सगळं चालतं. ते राठ वाटू लागलं तर बहुधा साबणाचा आणि जड पाण्यातल्या चुन्याचा थर बसलेला असतो. शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर घालून खळबळलं की तो बराच उतरतो. टी-शर्टसाठी, जो रोज घामानं भिजत नाही आणि ज्याचा गळा नीट दिसावा लागतो, त्यासाठी सुती आणि मोडल निम्मं-निम्मं हे मिश्रण मला सगळ्यांत शहाणं वाटतं. मोडलचा स्पर्श आणि आकार मिळतो, सुतीची ओली ताकद मिळते आणि वाळायला वेळही बेताचा लागतो. निव्वळ मोडल स्त्रियांच्या आतल्या कपड्यांना आणि वृद्धांच्या रात्रीच्या कपड्यांना द्यावं, जिथे दगडावर आपटणं नसतं आणि कातडीला राठपणा सोसत नाही. निव्वळ बांबूचं विस्कोज मी फक्त अशा माणसाला सुचवेन ज्याला त्याचा मऊपणा खरोखर हवा आहे आणि ज्याच्या घरी ते वेगळं, हातानं, थंड पाण्यात धुतलं जाईल.

ते धुणंही नीट सांगायला हवं, कारण बांबूचे बहुतेक कपडे धुतानाच फाटतात. ब्लीच नको. घासणं आणि आपटणं नको, पीळ तर मुळीच नको; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं की पाणी निघतं. यंत्रात टाकायचं असेल तर जाळीच्या पिशवीत आणि हळू फेऱ्यांवर. वाळत घालताना टांगू नये, बाजेवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवं पसरावं, उलटं करून, सावलीत पण वारा लागेल असं. पावसाळ्यात ते रात्री धुऊ नये, सकाळी धुवावं, म्हणजे दिवसाचा उजेड आणि वारा मिळतो. आणि शिवणी हाताला कोरड्या लागल्याशिवाय घडी घालून कपाटात ठेवू नये.